शुक्रवारची रात्र नेमकी कोणती? एका तिकिटाच्या अरबी भाषांतराचं प्रकरण

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात राहून मी अरबी-मराठी-इंग्रजी भाषांतराची कामं करते. कामं बहुतेक येमेनहून शिकायला आलेल्या मुलांची असतात, म्हणजे गुणपत्रिका, जन्मदाखले, दवाखान्याचे कागद. मराठवाड्याला अरब नवे नाहीत. निजामाच्या फौजेत येमेनमधल्या हद्रमौतहून आलेल्यांचे वंशज चाऊस म्हणून इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदतात आणि मराठी-दख्खनी बोलतात. नवी मुलं मात्र शिकून परत जाणारी.

त्यातल्याच एका मुलाचे आईवडील उपचारासाठी आले होते. काम झालं आणि रमजानच्या आधी घरी पोचायचं म्हणून परतीची तिकिटं काढली. आधी रेल्वेने मुंबई, मग विमानाने मस्कतमार्गे ओमानमधलं सलाला आणि तिथून पुढे रस्त्याने हद्रमौत. मुलाची परीक्षा त्याच आठवड्यात होती, त्यामुळे रेल्वेचा प्रवास म्हाताऱ्या-म्हातारीनेच करायचा होता. दोघांना अरबीशिवाय दुसरी लिपी येत नव्हती. येमेनमध्ये रेल्वे नाही. काकांनी आयुष्यात गाडीचा डबा आतून पाहिला होता तो एकदाच, इथे येताना, आणि तेव्हा मुलगा सोबत होता.

सोमवारी, 2 फेब्रुवारीला, मुलाने व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले आणि लिहिलं, "मॅडम, हे अरबीत करून द्या. अबू एकटे जाणार आहेत." (खालचे PNR, डबा आणि बर्थचे आकडे मी बदलले आहेत. तारखांचा आणि वेळांचा आपसातला मेळ मात्र तसाच ठेवला आहे, कारण प्रकरण त्यावरच उभं आहे.)

अडचण पहिली: फोटो

रेल्वेचं तिकीट खिडकीवरून काढलेलं, कागदी होतं. फोटो तिरका, वर ट्यूबलाइटची चमक आणि एका कोपऱ्यावर अंगठा. छापील मजकुरातला कामाचा भाग असा:

```
PNR 812-4567390    CLASS 3A
CPSN - DR    SCH DEP 06-02 00:25
B3  20  LB
B3  2?  SL
```

दुसऱ्या प्रवाशाच्या बर्थचा शेवटचा आकडा चमकेत गेला होता. मोठा करून पाहिला तर कधी 3 वाटे, कधी 8. अशा वेळी सरळ दुसरा फोटो मागायचा, "डॉक्युमेंट म्हणून पाठव, फोटो म्हणून नको" असं सांगून. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि सर्वांत आधी बारीक आकड्यांच्या कडा पुसल्या जातात. मी तसा मागितलाही. पण मुलगा लॅबमध्ये होता आणि तिकीट घरी.

तोवर तिकिटालाच विचारलं. स्लीपर आणि थ्री-टियर एसीच्या नेहमीच्या डब्यात बर्थचा क्रमांक आणि प्रकार एकमेकांना बांधलेले असतात. क्रमांकाला 8 ने भागायचं. बाकी 1 किंवा 4 उरली तर खालचा बर्थ, 2 किंवा 5 तर मधला, 3 किंवा 6 तर वरचा. 7 उरली तर बाजूचा खालचा आणि काहीच उरलं नाही तर बाजूचा वरचा. पहिल्या प्रवाशाचा 20: बाकी 4, म्हणजे खालचा, आणि शेजारी LB छापलंय, जुळलं. दुसऱ्याचा 28 धरला तरी बाकी 4 उरते, पण शेजारी आहे SL, साइड लोअर. त्याला बाकी 7 हवी. म्हणजे 23. संध्याकाळी आलेल्या स्वच्छ फोटोत 23च होता.

या SL ने मला पूर्वी एकदा फसवलं आहे. रेल्वेत SL म्हणजे स्लीपर क्लासही आणि साइड लोअर बर्थही. वर्गाच्या रकान्यात असेल तर पहिला अर्थ, बर्थच्या मागे असेल तर दुसरा. घाईत 'दरजा नौम', म्हणजे झोपण्याचा वर्ग, लिहून बसलं, तर एसीचं तिकीट असलेली बाई साध्या स्लीपरच्या डब्यात जाऊन उभी राहायची.

डब्याच्या B3 मधला B सुद्धा अशा फोटोत 8 सारखा दिसतो. पण डब्याच्या नावाची सुरुवात अक्षराने होते आणि 3A वर्गाला B लागतो, त्यामुळे तिथे प्रश्न नव्हता.

काय ठेवायचं, काय फिरवायचं

अशा कामात तीन वाटा असतात.

पहिली म्हणजे सगळं अरबीत, आकडेसुद्धा अरबी वळणाचे. काकांच्या डोळ्यांना तेच सोयीचे. पण फलाटावर आणि डब्याच्या दारावर लिहिलेलं असणार B3. चिठ्ठीवर 'बा' आणि ٣ लिहून दिलं, तर काकांना ते वाचता येईल, पण समोरच्या पाटीशी जुळवता येणार नाही.

शिवाय मराठी माणसासाठी या आकड्यांत एक सापळा आहे. अरबी ٢ आणि ٣ आपल्या २, ३ च्या इतके जवळचे दिसतात की बाकीचेही ओळखीचे असतील असं वाटून जातं. तर अरबी पाच हा ٥ असा, म्हणजे आपलं शून्य. त्यांचं शून्य नुसता ठिपका, ٠. आणि ٦ हा सहा आहे, पण पाहणाऱ्याला इंग्रजी 7 वाटतो. ٠٠:٢٥ हे मी स्वतः रात्री तपासायला बसले तर डोळा त्यात शेवटी शून्य वाचतो. इतकी वर्षं झाली तरी वाचतोच.

दुसरी वाट उलटी: संकेत, क्रमांक, वेळ सगळं तिकिटावर आहे तसं आणि फक्त शीर्षकं अरबीत. दवाखान्याच्या किंवा कचेरीच्या फायलीला जोडायच्या भाषांतरासाठी मी हेच करते. पण तिथे वाचणारा कारकून असतो. इथे वाचणारा मध्यरात्री फलाटावर उभा असणार होता.

तिसरी वाट दोन्ही शेजारी ठेवायची. जे पाटीशी किंवा काउंटरवर जुळवायचं ते जसंच्या तसं, मोठ्या अक्षरात, आणि बाजूला त्याचा अर्थ अरबीत. B आणि 3 वाचता आलं नाही तरी त्यांचा आकार जुळवता येतो. मी ही वाट धरली. फक्त पहिल्या दिवशी ती अर्धीच चालले, ते पुढे येईलच.

3A चं काय करायचं यावर थोडा वेळ गेला. शब्दाला शब्द लावला तर 'दरजा सालिसा', तिसरा दर्जा. अरबीत ते ऐकलं की सर्वांत स्वस्त, गर्दीचा डबा डोळ्यांसमोर येतो. इजिप्तच्या रेल्वेत तिसरा दर्जा म्हणजे तेच. ज्या मुलाने आईवडिलांसाठी एसीचं तिकीट काढलं, त्याच्या वडिलांच्या हातात हे देणं बरं नव्हे. म्हणून 3A तसंच ठेवलं आणि पुढे अरबीत लिहिलं की हा झोपण्याचा वातानुकूलित डबा आहे, एकावर एक तीन बिछाने असतात. बर्थला 'मक़अद', म्हणजे आसन, न म्हणता 'सरीर' म्हटलं, म्हणजे पलंग. LB झाला 'सरीर सुफ़्ली', खालचा पलंग, आणि SL झाला 'सरीर सुफ़्ली जानिबी', त्यात बाजू आली.

गावाचं नाव हाही एक छोटा निर्णय होता. स्टेशनचं नाव आणि संकेत बदलले आहेत. AWB जाऊन CPSN आलं. काका मात्र औरंगाबादच म्हणत. छापलेला संकेत ठेवला, पुढे नवं नाव अरबीत लिहिलं आणि कंसात जुनं दिलं, कारण रस्त्यात कुणाला विचारतील तर त्यांच्या तोंडी तेच येईल.

पहिला प्रयत्न आणि उलटलेले आकडे

सोमवारी रात्री मी हे सगळं व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून टाइप करून पाठवलं. माझ्या लॅपटॉपवर ते मला ठीक वाटलं. मंगळवारी दुपारी मुलाने स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं होतं, "अबू विचारतात, गाडी जूनमध्ये आहे का?"

पाहिलं तर काकांचं बरोबर होतं.

```
मी टाइप केलं:   06-02          812-4567390
फोनवर दिसलं:    02-06          4567390-812
```

यात कुणी आकडा चुकीचा लिहिला नव्हता. अरबी ओळ उजवीकडून डावीकडे जाते, पण त्यातला आकडा डावीकडून उजवीकडेच दिसतो. दोन आकड्यांच्या मध्ये चिन्ह आलं की संगणकाला ठरवावं लागतं की हा एकच आकडा आहे की दोन. तिरकी रेघ आणि विसर्गचिन्ह तो आकड्याचा भाग धरतो, म्हणून 00:25 शाबूत राहतं आणि 06/02 सुद्धा. आडवी रेघ मात्र अरबी शब्दानंतर आली की तो तिला आकड्याचा भाग धरत नाही. मग 06 आणि 02 हे दोन वेगळे आकडे ठरतात आणि अरबी ओळीच्या नियमाने पहिला उजवीकडे जाऊन बसतो.

वैताग असा की त्याच ओळीत आकड्याच्या आधी रोमन अक्षरं असली तर काहीच उलटत नाही. `PNR 812-4567390` सरळ दिसतं. PNR हा शब्द काढून त्या जागी अरबीत 'रक़म अल-हज्ज़' लिहिलं की तोच क्रमांक फिरतो. म्हणजे जितकं चांगलं भाषांतर कराल तितका आकडा बिघडतो. बर्थचंही तसंच. `B3/23/SL` सरळ राहतं, कारण सुरुवात B ने होते. पण 'सरीर' शब्दापुढे नुसतं `23/SL` लिहिलं तर दिसतं `SL/23`.

सर्वांत वाईट अवस्था बाणाची झाली होती. मी दोन्ही गावं अरबीत लिहून मध्ये `→` टाकला होता. अरबी ओळीत पहिलं गाव उजवीकडे गेलं, मुंबई डावीकडे, पण बाण काही फिरत नाही, तो उजवीकडेच टोक करून उभा. कंस फिरतात, बाण फिरत नाहीत. चिठ्ठी सांगत होती की मुंबईहून संभाजीनगरला जायचंय. विमानाच्या ओळीत तर मस्कतहून मुंबई.

उपाय दोन होते. प्रत्येक संकेताभोवती न दिसणारी दोन चिन्हं घालायची, आधी `U+2066` आणि शेवटी `U+2069`. त्यांच्यामधला मजकूर डावीकडून उजवीकडे, बाजूच्या ओळीपासून अलग राहतो. पक्का उपाय आहे, पण चिन्हं दिसत नाहीत आणि कुणी मजकूर कॉपी करून पुढे पाठवला की ती टिकली की गळली हे कळायला मार्ग नाही. दुसरा उपाय साधा: तक्ता करायचा, एका चौकटीत एकच गोष्ट ठेवायची, बाणाऐवजी 'मिन' आणि 'इला' लिहायचं, म्हणजे 'पासून' आणि 'पर्यंत', तारखेत महिना अक्षरात लिहायचा, आणि शेवटी कागदावर छापून द्यायचं. कागदावर आकडे फिरत नाहीत. मी दुसरा घेतला.

महिन्याच्या नावासाठी वाचणारा कुठला ते पाहावं लागतं. येमेनमध्ये फेब्रुवारीला 'फ़िब्रायर' म्हणतात. इराकी किंवा सीरियन माणूस असता तर 'शुबात' लिहिलं असतं.

आणि मग रात्रीचा प्रश्न

तक्ता करताना मी वेळेपुढे अक्षरीही लिहिलं. 00:25 ला नुसतं बारा पंचवीस म्हटलं तर दिवसाचे की रात्रीचे कळत नाही, म्हणून वार आणि प्रहर घातला. 6 फेब्रुवारी, शुक्रवार. अरबीत सहज हातून उतरलं ते 'लैलतुल जुमुआ'. सोमवारी फोनवर मुलाशी बोलताना मी त्याच वेळेला "शुक्रवारी रात्री साडेबाराच्या सुमाराची ना?" असं म्हटलं होतं आणि तो "हो मॅडम" म्हणाला होता.

बुधवारी सकाळी कागद दिला. रात्री नऊला मुलाचा फोन.

"मॅडम, अबू सामान बांधतायत. म्हणतात उद्या निघायचं."

"उद्या कसं? उद्या गुरुवार."

"मीपण तेच सांगतोय. ते म्हणतात, मॅडमनी लिहिलंय लैलतुल जुमुआ."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अरबी कालगणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून 'लैलतुल जुमुआ', शुक्रवारची रात्र, ही शुक्रवारच्या आधी येते. आपल्या भाषेत ती गुरुवारची रात्र. काकांनी वाचलं ते अगदी बरोबर होतं. आणि तिकिटाप्रमाणेही तेच बरोबर होतं: 6 तारखेला 00:25 म्हणजे गुरुवारी रात्री जेवून निघायचं, बारा वाजता तारीख बदलते आणि पंचवीस मिनिटांनी गाडी येते.

चुकला होता तो मुलगा, आणि त्याच्या मागोमाग मी. विमान शनिवारी, 7 तारखेला दुपारी होतं. त्याला आईवडिलांना शुक्रवारी रात्री गाडीत बसवायचं होतं. आरक्षणाच्या अर्जावर त्याने 'शुक्रवार, 6' लिहिलं आणि खिडकीवरच्या माणसाने 6 तारखेचं तिकीट दिलं. अर्जाप्रमाणे तेच द्यायला हवं होतं. हवी असलेली गाडी मात्र 7 तारखेच्या 00:25 ची होती. मध्यरात्रीनंतरच्या गाडीत ही चूक आपल्याकडेही घरोघरी होते. इथे ती विमानाने झाकली. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी मुंबई आणि दुपारी विमान, हे सगळं इतकं छान जुळत होतं की कुणाला शंका आली नाही.

निर्णय

दोन प्रश्न होते. माझा प्रश्न असा: आता कळलंय की मुलाला शुक्रवारची रात्र हवी होती, तर कागदावर काय लिहायचं? जे छापलंय तेच. भाषांतर तिकिटाचं आहे, बेताचं नाही. कागद बदलला असता तर चूक आणखी एका जागी पक्की झाली असती. मी फक्त एक ओळ वाढवली, आणि ती तक्त्याच्या बाहेर, 'तिकिटावर नाही' असं अरबी शीर्षक देऊन: "गुरुवार 5 फेब्रुवारीला इशाच्या नमाजनंतर घरून निघणे." इशा म्हणजे रात्रीची शेवटची नमाज; काकांच्या दिवसातली ती पक्की खूण, घड्याळापेक्षा पक्की.

कुटुंबाचा प्रश्न असा: तिकीट रद्द करून 7 तारखेचं घ्यायचं, की आहे त्यावर एक दिवस आधी जायचं? मुलाने रात्रीच पाहिलं, 7 ला प्रतीक्षा यादी लागली होती. म्हाताऱ्यांना प्रतीक्षा यादीवर पाठवण्यापेक्षा एक दिवस मुंबईत काढणं बरं, असं ठरलं. तिथे ओळखीचं एक घर होतं. काका उलट खूश झाले, जुम्म्याची नमाज मुंबईत होईल म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी मुलाने 139 वर PNR टाकून डबा आणि बर्थ पुन्हा पाहून घेतले. तिकीट छापलं तेव्हाचं आणि चार्ट लागल्यावरचं यात फरक पडू शकतो, विशेषतः RAC किंवा प्रतीक्षा यादीच्या तिकिटात. इथे पहिल्यापासून पक्कं होतं, पण पाहिलं.

विमानाचं तिकीट

हे सोपं होतं, फोटोऐवजी पीडीएफचाच स्क्रीनशॉट होता. तीन जागी मात्र थांबले.

नावं उलटी अरबीत फिरवली नाहीत. रोमन स्पेलिंगवरून मूळ अरबी नाव ओळखायला गेलं तर 'स' कुठला, 'ह' कुठला हे ठरवता येत नाही. पासपोर्टवर अरबी नाव असतंच, तिथून जसंच्या तसं उतरवलं. तिकिटावर काकांच्या नावाला MR चिकटून छापलेलं होतं, मध्ये जागा न सोडता. विमानाच्या तिकिटांत हे सर्रास असतं. ते नावाचं शेपूट समजून अरबीत उतरवलेलं मी एका दुसऱ्या भाषांतरात पाहिलं आहे.

सामानाच्या रकान्यात 30K होतं. सीटचा क्रमांक म्हणूनही तो खपेल, कारण K अक्षराच्या सीटा मोठ्या विमानांत असतात. रकाना पाहून 30 किलो लिहिलं.

आणि वेळ. मुंबईहून 16:20 ला निघून मस्कतला 17:40. काकांनी हिशेब केला, एक तास वीस मिनिटं, आणि येतानाचा प्रवास तर चांगला लांब होता. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात आणि ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणून खरा प्रवास 2 तास 50 मिनिटांचा. छापील वेळांना हात लावला नाही. हा हिशेबही 'तिकिटावर नाही' या चौकटीत गेला.

घडलं काय

गुरुवारी रात्री मुलगा स्टेशनपर्यंत गेला, गाडीत बसवून परतला. तिथे कागदाची फारशी गरज पडली नाही. गरज पडली ती दादरला. गाडीला पुढेही जायचं होतं आणि काकांना दादर आलं हे कळायचं कसं? मी तक्ता दोन रकान्यांचा ठेवला होता, डावीकडे तिकिटाचा मूळ मजकूर, उजवीकडे अरबी, आणि सर्वांत खाली मराठी-हिंदीत एक ओळ: "या दोघांना दादरला उतरायचं आहे, कृपया सांगा." काकांनी सकाळी ती ओळ समोरच्या बाईंना दाखवली. बाईंनी ठाणे गेल्यावर त्यांना उठवून दाराशी नेलं.

तिकीट तपासनिसाला मात्र काकांनी आधी माझाच कागद दाखवला. छापील आणि तक्त्याचा असल्याने त्यांना तोच जास्त सरकारी वाटला असणार. खिडकीवरचं तिकीट मूळ कागदातच लागतं. भाषांतराला तिथे काही किंमत नाही. समोरच्या बाईंनी हातवारे करून मूळ तिकीट काढायला लावलं. शनिवारी रात्री सलालाहून निरोप आला की पोचले.

पुन्हा करायचं झालं तर

मजकूर म्हणून व्हॉट्सॲपवर काहीही पाठवणार नाही, पहिल्या दिवसापासून तक्ता. त्यानंतरच्या कामांत तसंच करते आणि पाठवण्याआधी तोच कागद फोनवर, ज्यांची भाषा अरबी ठेवली आहे अशा कुणाच्या तरी फोनवर, उघडून पाहते.

'हे तिकीट नाही, मूळ तिकीट सोबत ठेवा' ही ओळ आता तक्त्याच्या माथ्यावर जाड अक्षरात असते. तेव्हा ती सुचली नाही.

आणि सोमवारी फोनवर "शुक्रवारी रात्री ना?" असं विचारलं त्याजागी "घरून कोणत्या दिवशी निघणार?" असं विचारायला हवं होतं. तो "शुक्रवारी" म्हणाला असता आणि तिकीट माझ्या हातात होतं. 7 तारखेच्या गाडीला सोमवारी जागा होत्या की नाही, निदान पाहता तरी आलं असतं. हल्ली रात्री 12 ते पहाटे 4 मधलं कुठलंही तिकीट आलं की मी आधी हे विचारते. परवा एका सुदानी मुलीला विचारलं तर ती चमकून म्हणाली, "तिकिटावर लिहिलंय की!" आणि मग बोटं मोजायला लागली.